रेघ उमटताना

शेजारी बसून गणित शिकवताना आपण मुलाच्या चेहऱ्याकडे कमी आणि वहीकडे जास्त पाहत असतो. पेन्सिल कुठे अडली, कुठे भरभर धावली, कुठलं चिन्ह आधी लिहून मग गिरवून बदललं, हे सगळं न विचारता कळत राहतं. ऑनलाइन शिकवणीत नेमकं उलटं होतं. चेहरा अगदी समोर, आवाज कानाशी, आणि वही मात्र कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर टेबलावर पडलेली. मुलगी म्हणते, "झालं, मॅडम." मी विचारते, "किती आलं?" ती म्हणते, "सतरा." उत्तर तेरा असतं. आता हे सतरा कुठून आलं ते शोधायचं, तर तिला एकेक ओळ वाचून दाखवायला सांगावी लागते. आणि गंमत अशी, की वाचून दाखवताना मुलं चुकलेली ओळ पुष्कळदा बरोबर करून वाचतात. मुद्दाम नाही, आपोआप.

वहीचा फोटो मागवता येतो. त्यात चूक सापडतेही. पण फोटो म्हणजे सगळं घडून गेल्यावरचा पंचनामा. एकच चुकीची ओळ दोन मुलांनी दोन वेगळ्या कारणांनी लिहिलेली असू शकते, आणि फोटोत दोघांच्या ओळी अगदी सारख्याच दिसतात.

पेन टॅब्लेट घेताना बहुतेक शिक्षकांच्या मनात 'फळ्यासारखं लिहून दाखवता येईल' एवढंच असतं. तेवढं तर होतंच. पण ही साधनं वापरता वापरता माझं मत असं होत गेलं, की आपण लिहिलेलं मुलांना दिसतं यापेक्षा त्यांनी लिहिलेलं आपल्याला उमटताना दिसतं, हे जास्त कामाचं आहे. मी एका वेळी एकाच मुलाला किंवा मुलीला शिकवते, तेही गणित. चाळीस जणांच्या वर्गाचं तंत्र वेगळं असेल. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आधी हाताबद्दल थोडं, कारण हात बसल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. ज्या टॅब्लेटला स्वतःची स्क्रीन असते तिच्यावर लिहिणं सोपं; जिथे पेन टेकतं तिथेच रेघ दिसते. माझ्याकडे आहे ती बिनस्क्रीनची, यूएसबीने जोडायची काळी पाटी. पेन पाटीवर चालतं आणि रेघ लॅपटॉपवर उमटते. अशा बऱ्याच पाट्यांच्या पेनात बॅटरी नसते. पाटीखाली बारीक तारांची जाळी असते, ती चुंबकीय क्षेत्र तयार करते, पेनातली गुंडाळी त्यातूनच ऊर्जा घेते आणि आपण कुठे आहोत ते पाटीला कळवते. त्यामुळे पेन टेकलेलं नसलं, पाटीच्या जेमतेम सेंटिमीटरभर वर असलं, तरी पाटीला ते दिसत असतं. ही गोष्ट पुढे एका नाजूक ठिकाणी कामाला येते, म्हणून आत्ता सांगून ठेवली.

माऊस जिथे असेल तिथून पुढे सरकतो. पेनाचं तसं नाही. पाटीचा वरचा डावा कोपरा म्हणजे स्क्रीनचा वरचा डावा कोपरा, असं ठरलेलं असतं. लहान पाटीचा लिहायचा भाग साधारण १५ सेंटिमीटर रुंद आणि साडेनऊ सेंटिमीटर उंच असतो. १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण साडेचौतीस सेंटिमीटर रुंद आणि साडेएकोणीस उंच. म्हणजे हाताची हालचाल आडवी सुमारे २.३ पट होते आणि उभी दोन पटींच्या थोडी वर. काढलं वर्तुळ आणि आलं अंडं, असं होतं ते यामुळे. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये स्क्रीन आणि पाटीचं प्रमाण सारखं ठेवण्याचा पर्याय असतो. तो लावला की पाटीची तळाची सेंटिमीटरभर पट्टी वाया जाते, पण वर्तुळ वर्तुळासारखं येतं. दुसरा मॉनिटर जोडला असेल तर अवस्था आणखी बिकट होते, कारण तीच छोटी पाटी दोन्ही पडद्यांवर ताणली जाते. अशा वेळी 'आज हाताला काय झालंय' असं वाटतं. हाताला काही झालेलं नसतं, पाटी एकाच मॉनिटरला बांधायची राहिलेली असते.

देवनागरी लिहिणाऱ्यांना या पाटीची आणखी एक खोड लवकर कळते. शिरोरेघ तिरकी जाते. पाटी आपल्या शरीरासमोर किंचित जरी फिरलेली असेल, तरी हाताला सरळ वाटणारी रेघ स्क्रीनवर उतरणीला लागते. इंग्रजी अक्षरांत हे लपून जातं, शिरोरेघेत लपत नाही. म्हणून तास सुरू होण्याआधी मी बोर्डावर एक लांब आडवी रेघ मारते, ती जिकडे झुकेल तशी पाटी फिरवते आणि मगच लिहायला घेते. विंडोजवर आणखी एक गोष्ट बंद करावी लागते: पेन क्षणभर स्थिर राहिलं की एक गोल कडं उमटतं आणि उजव्या क्लिकचा मेनू उघडतो. दशांशचिन्हाचा टिंब द्यायला गेलं की हा मेनू हमखास दारात उभा. पेनच्या दाबानुसार रेघ जाड-बारीक होण्याची सोयही मी काढून टाकली आहे. चित्रकाराला ती हवी असते. समीकरणातलं वजाचं चिन्ह मात्र प्रत्येक वेळी सारखंच जाड दिसायला हवं.

आता लिहायचं कशावर. आपली स्क्रीन शेअर करून तिच्यावर रेघा मारणं आणि दोघांनी मिळून एकाच व्हाइटबोर्डवर लिहिणं, या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात. पहिल्या प्रकारात, उदाहरणार्थ झूमच्या अ‍ॅनोटेशनमध्ये, शेअर केलेल्या चित्रावर एक पारदर्शक कागद अंथरलेला असतो आणि शाई त्या कागदावर पडते. खालचं पान आणि वरची शाई यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पीडीएफ वर सरकवली की पान जातं आणि शाई आहे तिथेच राहते. पाचव्या प्रश्नातल्या 'लघुकोन' शब्दाभोवती काढलेलं वर्तुळ सहाव्या प्रश्नातल्या भलत्याच आकड्याभोवती जाऊन बसतं, आणि मुलगा प्रामाणिकपणे त्या आकड्याचा विचार करू लागतो. म्हणून हा प्रकार मी न हलणाऱ्या एकाच पानासाठी ठेवला आहे. एक आलेख, एक आकृती, एक शाब्दिक उदाहरण. त्यावर काय खुणा करायच्या त्या करायच्या, आणि पान हलवण्याआधी सगळं पुसायचं.

व्हाइटबोर्डवर प्रत्येक रेघ ही बोर्डावरची एक वस्तू असते. बोर्ड सरकवला, मोठा केला, लहान केला, तरी ती आपल्या जागेवर, आपल्या ओळीपाशी राहते. शिवाय रेघ समोर पोचते ती बिंदूंच्या यादीच्या रूपात, आणि मुलीचं यंत्र ती स्वतः पुन्हा काढतं. मी माझ्याच वहीच्या अ‍ॅपमध्ये लिहून स्क्रीन नुसती दाखवत असेन, तर तिला तो व्हिडिओ असतो. नेट ढिलं पडलं की बारीक अक्षरं आधी धुरकट होतात, आणि वर्गाचा घातांक आहे की डाग हे कळत नाही. सामायिक बोर्डावर नेट ढिलं पडलं तर रेघ उशिरा येते, पण येते ती स्वच्छ.

हा उशीर मात्र ओळखून वागावं लागतं. आवाज एका रस्त्याने जातो, रेघ दुसऱ्या. काही बोर्ड तर पेन उचलल्यावरच रेघ पुढे पाठवतात, म्हणजे लांबलचक बाण काढत मी "हे इथून बघ, असं इकडे आलं" म्हणत असते तेव्हा समोर काहीच दिसत नसतं, आणि माझं बोलणं संपल्यावर अख्खा बाण एकदम टपकतो. त्यामुळे बोलण्यातून 'हे', 'इथे', 'असं' हे शब्द हळूहळू कमी करावे लागले. "दुसरी ओळ, कंसातलं दुसरं पद" असं आधी तोंडाने सांगायचं, मग खूण करायची, मग थोडं थांबून विचारायचं. शाई नाहीच पोचली तरी वाक्य पोचलेलं असतं.

'इथे' या शब्दाची दुसरीही एक अडचण आहे. सामायिक बोर्डावर प्रत्येकाची खिडकी स्वतंत्र असते. मी डाव्या कोपऱ्यात लिहीत असते आणि मुलगी उजवीकडे खूप आत, अगदी मोठं करून, कोऱ्या जागेकडे पाहत असू शकते. तिला वाटतं मी काही लिहीतच नाही. बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्याला आपल्या नजरेसोबत आणण्याची सोय असते, ती वापरावी. पण मला त्याहून साधा उपाय जास्त आवडतो: तास सुरू होण्याआधी बोर्डावर मोठे चौकोन आखून त्यांना क्रमांक द्यायचे. "तिसऱ्या चौकोनात ये" म्हटलं की काम होतं. चौकोनांचा दुसरा फायदा अक्षराच्या मापाचा. खूप मोठं करून लिहिणाऱ्या मुलीची अक्षरं माझ्याकडे मुंगीएवढी दिसतात. चौकोन पूर्ण दिसेल एवढंच मोठं कर, असं सांगितलं की दोघींचं माप जुळतं.

प्रश्नपत्रिकेचा तुकडा बोर्डावर चित्र म्हणून चिकटवला तर तो लॉक करायचा. न केल्यास मुलगी पहिलाच आकडा लिहायला जाते आणि बोटाखाली प्रश्नच सरकत निघून जातो.

आता त्या सतराकडे येऊ. समीकरण असं होतं:

```
(x + 3)/2 − (x − 1)/3 = 4
```

ते पहिल्या चौकोनात लॉक करून ठेवलं होतं. मुलीला म्हटलं, "वहीतलं राहू दे, हे इथे पुन्हा कर. मी काही बोलणार नाही." तिच्याकडे स्क्रीनवर लिहिता येणारी टॅब्लेट आणि साधं पेन होतं. तिने लसावि सहा काढला, दोन्ही बाजूंना सहाने गुणलं आणि लिहिलं:

```
3(x + 3) − 2(x − 1) = 24
```

इथवर सगळं चोख. कंस दिले होते, म्हणजे अपूर्णांकाची रेघ अख्ख्या अंशाला बांधून ठेवते हे तिला माहीत होतं. पुष्कळ मुलं इथेच कंस विसरतात. ती वेगळी चूक, तिचं औषध वेगळं. पुढची ओळ तिने `3x + 9` एका दमात लिहिली. मग `− 2x`. मग पेन थांबलं. मग तिने अधिकचं चिन्ह काढलं. आणि लगेच अन्डू करून ते नाहीसं केलं, त्या जागी वजा लिहिलं, आणि दोन. ओळ झाली:

```
3x + 9 − 2x − 2 = 24
```

पुढे `x + 7 = 24`, आणि सतरा.

वहीच्या फोटोत मला शेवटची ओळ दिसली असती आणि मी म्हटलं असतं, 'कंसाबाहेर वजा असेल तर आतली चिन्हं बदलतात, विसरलीस ना?' ते चुकीचं नसतं, पण तिच्या अडचणीला लागूही पडलं नसतं. ती विसरली नव्हती. अधिक तिच्या हातून उमटलं होतं. कशाने तरी तिने ते मागे घेतलं होतं. कागदावर खोडलेल्याचा निदान डाग तरी राहतो. बोर्डावरचा अन्डू काहीच मागे ठेवत नाही. ते अधिक अस्तित्वात होतं हे फक्त त्या क्षणी पाहणाऱ्यालाच कळणार.

पण ते लगेच विचारलं नाही. आधी तिला म्हटलं, "सतरा घालून बघ." दुसऱ्या चौकोनात तिने मांडलं: वीस भागिले दोन दहा, सोळा भागिले तीन पाच पूर्णांक एक तृतीयांश, वजाबाकी चार पूर्णांक दोन तृतीयांश. "चार नाही येत," ती स्वतःच म्हणाली. चूक आहे हे मी सांगण्यापेक्षा समीकरणाने सांगितलेलं बरं; त्यावर वाद घालता येत नाही आणि रागही येत नाही.

मग विचारलं, "तिसऱ्या ओळीत शेवटच्या दोनच्या आधी तू आधी अधिक लिहिलं होतंस. का काढलंस?"

ती जराशी चमकली. "तुम्हाला दिसलं?" आणि मग, "कंसात वजा एक आहे ना, म्हणून वजा."

म्हणजे गुणाकार करताना चिन्ह बदलतं हे हाताला माहीत होतं, पण वरच्या ओळीशी ताडून पाहताना तिने कंसातलं चिन्ह जसंच्या तसं उतरवून घेतलं. तिच्या लेखी कंसाबाहेरचं वजा `2x` ला लावून संपलं होतं. मग `− 1` चं वजा तेवढं उरलं होतं. ही अडचण नियम पुन्हा ऐकवून सुटत नाही, कारण नियम तिला पाठ असतो. तिला ते `−2` एक अखंड संख्या म्हणून दोनदा वापरलेलं दिसायला हवं.

मी तिच्या ओळीला हात लावला नाही. वरच्या ओळीत `−2` भोवती हिरवा गोल केला, चिन्हासकट. त्या गोलातून दोन कमानी काढल्या, एक `x` वर, एक `−1` वर. प्रत्येक कमानीच्या टोकाशी एक रिकामी चौकट. आणि पेन खाली ठेवलं. तिने पहिल्या चौकटीत `−2x` लिहिलं, दुसऱ्या चौकटीत थोडं थांबून `+2`. मग आपल्या ओळीकडे गेली, शेवटच्या वजावर आडवी काट मारून वर अधिक लिहिलं, आणि तेरा काढलं. तपासायला मी सांगण्याआधीच दुसऱ्या चौकोनात तिने सोळा भागिले दोन आठ, बारा भागिले तीन चार, आठ वजा चार चार असं मांडूनही टाकलं.

त्या तासानंतर मी मुलांना अन्डू न वापरण्याची विनंती करते. चुकलं तर एक आडवी काट मारा आणि शेजारी लिहा. मुलांना हे आवडत नाही. स्वच्छ बोर्डाचा मोह मोठा असतो. पण काट मारलेलं अधिक वाचता येतं, नाहीसं झालेलं नाही. अन्डूबद्दल आणखी एक सावधगिरी: बहुतेक बोर्डांवर अन्डू फक्त स्वतःची रेघ मागे घेतो, पण सगळीकडे तसंच असेल असं नाही. नव्या बोर्डावर तास घेण्याआधी दुसऱ्या यंत्रावरून आत जाऊन हे एकदा करून बघावं. आपण आपला बाण मागे घ्यायला जावं आणि मुलीची सगळी ओळ उडावी, यासारखं ओशाळवाणं दुसरं नाही. खोडरबराचीही दोन रूपं असतात: एक घासलेला भाग पुसतो, दुसरा स्पर्श झालेली पूर्ण रेघच उचलतो. मराठीत लिहिताना हा दुसरा जपून. शिरोरेघ ही शेवटी मारलेली एकच रेघ. तिला खोडरबर लागला की अख्ख्या शब्दाचं छप्पर उडतं आणि खाली बोडकी अक्षरं उरतात.

रंगांबाबत माझा नियम साधा आहे. मुलगी निळ्याने, मी हिरव्याने, आणि लाल कुणीच नाही. लालमध्ये काही वाईट आहे असं नाही. फक्त लाल उमटलं की मुलं लिहिणं थांबवून निकालाची वाट पाहू लागतात.

हिरव्या शाईनेही फार लिहू नये. खुणावणारी शाई आणि राहणारी शाई यात फरक न केल्यामुळे बोर्ड कसे बरबटतात ते मी पुष्कळ पाहिलं आहे. बोलता बोलता प्रत्येक आकड्याभोवती गोल, प्रत्येक चिन्हाखाली दोन रेघा, इकडून तिकडे बाण. बोलणं चालू असताना ते अर्थपूर्ण असतं. दुसऱ्या दिवशी बोर्ड उघडला की कोळ्याचं जाळं. यासाठी आपोआप विरणारी शाई असते. झूमच्या अ‍ॅनोटेशनमध्ये तिला व्हॅनिशिंग पेन म्हणतात, इतर बोर्डांवर लेसर पॉइंटर. रेघ उमटते, दोनचार क्षण राहते आणि विरून जाते. 'ही ओळ वाच', 'इथून सुरू कर' हे सगळं तिने करावं. कमानी, रिकाम्या चौकटी, समासातला प्रश्न हे पक्क्या शाईने. दोन्ही साधनं पेनच्या बाजूच्या बटणावर किंवा कीबोर्डच्या एकेका अक्षरावर लावून ठेवली की बदलायला वेळ जात नाही. प्रत्येक वेळी मेनूत जाऊन शोधावं लागलं तर माणूस कंटाळतो आणि हातात असलेल्या पक्क्या शाईनेच गोल मारत सुटतो.

सगळ्याच मुलांकडे पेन नसतं हे उघड आहे. बोटाने फोनवर लिहिणारी मुलं पुष्कळ. त्यांची एक ओळ दोन तुकड्यांत येते आणि हाताचा तळवा टेकला की भलतीकडे रेघ उमटते, म्हणून त्यांना अख्खं उदाहरण बोर्डावर करायला लावण्यात अर्थ नाही. माऊसने लिहिणं तर शिक्षाच. अशांनी उदाहरण कागदावर करावं, फोटो बोर्डावर टाकावा, मी तो लॉक करते, आणि बोटाने त्यांनी एवढंच करायचं: जिथे खात्री नाही तिथे एक टिंब. रेघ उमटताना पाहण्याचं सुख त्यात नाही, पण टिंब कुठे पडलं त्यावरून बरंच कळतं. बरोबर ओळीवर टिंब आणि चुकलेली ओळ बिनटिंबाची, असं दिसलं की त्या तासाचा विषय ठरला.

आणि पाहण्याबद्दलच एक. कुणी आपल्याला लिहिताना पाहतंय हे प्रत्येकाला मानवत नाही. काही मुलं एकटी असताना पटापट सोडवतात आणि बोर्डावर आली की पेन हवेत धरून बसतात. शेजारी बसलेलो असतो तर आपण पाणी प्यायला उठलो असतो. बोर्डावर उठून जाणं जरा कठीण असतं, कारण आपला कर्सर नावासकट तिथेच असतो. इथे ती तारांच्या जाळीची गोष्ट येते. पेन टेकलेलं नाही म्हणून आपल्याला वाटतं आपण शांत आहोत. पण हातातलं पेन पाटीच्या सेंटिमीटरभर वर असेल, तर हाताच्या प्रत्येक थरथरीसरशी 'मॅडम' असं लिहिलेला एक बाण मुलीच्या ओळीवर घिरट्या घालत असतो. चुकलेल्या चिन्हापाशी तो क्षणभर रेंगाळला तरी ती ओळखते. एका मुलाने तर कर्सर पाहून उत्तरं सुधारायची कला साधली होती. तेव्हापासून मुलं लिहीत असताना मी पेन पाटीवरून उचलून टेबलावर ठेवते. ज्यांना तरीही अवघड वाटतं त्यांना सांगते, "मी पाच नंबरच्या चौकोनात पुढचं उदाहरण लिहितेय, झालं की हाक मार," आणि खरंच तिकडे जाऊन लिहीत बसते. त्यांची रेघ उमटताना दिसत नाही, त्याला इलाज नाही.

तास संपला की बोर्ड पीडीएफ करून ठेवायचा. बोर्डाच्या दुव्यावर विसंबू नये. गूगलचं जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं तेव्हा अनेक शिक्षकांच्या हाती त्यांच्या बोर्डांच्या पीडीएफच तेवढ्या राहिल्या. वाचता येतं, पण त्या बोर्डावर पुन्हा रेघ सरकवता येत नाही. पीडीएफमध्ये क्रमही राहत नाही, कुठली ओळ आधी आली आणि कुठली नंतर सुचली ते सगळं एकाच वेळी समोर असतं. म्हणून शेवटची काही मिनिटं मुलीलाच पेन देऊन मी तिला आपल्या पायऱ्यांना क्रमांक टाकायला लावते, आणि काट मारलेल्या जागेपाशी दोन शब्दांत कारण. त्या दिवशी तिने कमानींच्या बाजूला लिहिलं, 'वजा दोन्हीकडे जातं', आणि खाली शंका म्हणून एक प्रश्न: कंसात तीन पदं असली तर तीन कमानी का? मी पुढच्या तासाच्या पहिल्या चौकोनात तीन पदांचं उदाहरण चिकटवून लॉक केलं.